चार तासांची गर्दी आणि चौकातली डीपी

पुण्या-ठाण्याच्या उपनगरांत आता पेट्रोल पंपाच्या, हॉटेलच्या नाहीतर मॉलच्या आवारात इलेक्ट्रिक गाड्यांचे जलद चार्जर सर्रास दिसतात. चार्जर नवा कोरा असतो, त्याच्यावरचा फलक झगमगीत असतो. त्याला वीज मात्र बहुतेक ठिकाणी जुन्याच डीपीतून येते. त्याच डीपीवर मागच्या गल्लीतली घरं, समोरची दुकानं, एखादा दवाखाना आणि दोन इमारतींच्या लिफ्टही चालतात. चार्जर बसवताना चर्चा होते ती जागेची, भाड्याची आणि युनिटच्या दराची. डीपीवर आधीच किती भार आहे, हा प्रश्न अनेकदा पहिल्या उन्हाळ्यात दिवे मंद व्हायला लागले की निघतो.

डीपी म्हणजे वितरण रोहित्र, आपल्या बोलण्यातला ट्रान्सफॉर्मर. उपकेंद्रातून ११ किंवा २२ हजार व्होल्टने आलेली वीज तो ४३३ व्होल्टवर आणतो आणि वस्तीला वाटतो. त्याची क्षमता केव्हीएमध्ये मोजतात. इथल्यापुरतं ते किलोवॅटच्या जवळपास धरायला हरकत नाही. शहरी भागात २००, ३१५ आणि ६३० केव्हीएची रोहित्रं नेहमीची.

रोहित्राची क्षमता ठरवताना वीज कंपनी सगळ्या ग्राहकांच्या मंजूर भाराची थेट बेरीज करत नाही. शंभर घरांना प्रत्येकी ५ किलोवॅट मंजूर असले तरी सगळी घरं एकाच क्षणी ५ किलोवॅट ओढत नाहीत. कुणाचा गीझर सकाळी सहाला, तर कुणाचा आठला चालू होतो. कुणी गावाला गेलेलं असतं. त्यामुळे प्रत्यक्ष एकत्रित मागणी बेरजेच्या निम्म्याहूनही कमी राहते. सगळी लघुदाब यंत्रणा या अनुभवावर उभी आहे.

जलद चार्जर नेमका या हिशेबाला धक्का देतो. ६० किलोवॅटचा एक चार्जर पूर्ण जोरात चालला तर दीड टनाचे साधारण ४० एसी एकदम सुरू केल्याइतका भार एकाच जागी येतो. शिवाय गाड्या यायची वेळ ठरलेली आहे. ऑफिस सुटल्यावर, टॅक्सीची पाळी बदलताना, रात्रीच्या प्रवासाला निघण्याआधी, म्हणजे संध्याकाळी सात ते अकरा. घरोघरचे एसी, टीव्ही आणि स्वयंपाकघरंही तेव्हाच जोरात असतात.

एका रोहित्राचा हिशेब

एक उदाहरण आकड्यांसह घेऊ. ३१५ केव्हीएचं रोहित्र आहे. मे महिन्यात दुपारी त्यावर १२० केव्हीए भार असतो आणि संध्याकाळी तो २३० केव्हीएपर्यंत चढतो. म्हणजे कमाल भार क्षमतेच्या ७३ टक्के. कागदावर हे रोहित्र निर्धास्त आहे.

आता त्यावर ६० किलोवॅटचे दोन चार्जर येतात. बॅटरीत ६० किलोवॅट पोचवायला चार्जर स्वतः थोडी ऊर्जा खातो, म्हणून प्रत्येकी सुमारे ६४ केव्हीए धरावे लागतात. दोन्ही एकदम चालले की १२८. एकूण भार ३५८ केव्हीए, क्षमतेच्या ११४ टक्के. धंदा बरा चालला म्हणून मालकाने तसेच आणखी दोन बसवले तर आकडा ४८६ वर जातो, म्हणजे दीडपटीच्या पुढे.

पण खरी अडचण या बेरजेत दिसत नाही. ती बघायला वायरमनने रात्री साडेआठला डीपीच्या पेटीजवळ उभं राहून टाँग टेस्टर तिन्ही फेजवर लावावा लागतो. या रोहित्राचा पूर्ण भाराचा प्रवाह दर फेजला ४२० अँपिअर आहे. चार्जर येण्याआधी सरासरी ३०७ अँपिअर चालू असतात, पण वाटणी सारखी नसते. घरं एका फेजवर जोडलेली असतात आणि वर्षानुवर्षं नवी जोडणी देताना सोयीचा फेज पकडला जातो. म्हणून टेस्टरवर आर फेजला ३६०, वाय फेजला ३०० आणि बी फेजला २६० असे आकडे दिसतात.

जलद चार्जर तीन फेजचा असतो आणि तिन्हींवर सारखाच भार टाकतो. दोन चार्जरचे १७१ अँपिअर प्रत्येक फेजवर चढले की आर फेज ५३१ वर जातो, तर बी फेज ४३१ वर. सरासरीने १४ टक्के वाटणारा अतिभार आर फेजच्या गुंडाळीवर २६ टक्के पडतो. रोहित्र जळतं ते सर्वांत जास्त तापलेल्या गुंडाळीमुळे. सरासरी तिथे उपयोगाची नाही.

तेल हळू तापतं

गुंडाळीत निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. प्रवाह २६ टक्के वाढला की तिथली उष्णता जवळपास ६० टक्क्यांनी वाढते. ही उष्णता तेल शोषून घेतं आणि टाकीच्या नळ्यांमधून बाहेर सोडतं. तांब्याची किंवा अॅल्युमिनियमची गुंडाळी काही मिनिटांत तापते. लहान रोहित्राच्या तेलाला मात्र नव्या भारानुसार तापायला तास लागतात. आंतरराष्ट्रीय मानकात वितरण रोहित्रासाठी हा कालांक साधारण तीन तास धरला आहे.

या संथपणामुळे एखादी गाडी येऊन वीस मिनिटं पूर्ण जोरात चार्ज होऊन गेली तर रोहित्राचं काही बिघडत नाही. तेल तापायच्या आत भार उतरलेला असतो. पण सातला पहिली गाडी लागली आणि अकरापर्यंत गन मोकळीच झाली नाही, तर तेलाला निवायला उसंत मिळत नाही. चार तासांत ते नव्या तापमानाच्या बरंच जवळ पोचतं. मे महिन्यात भोवतालची हवाच तापलेली असेल तर सुरुवातच वरून होते.

आत नुकसान होतं ते कागदाचं. गुंडाळीचे वेढे तेलात भिजलेल्या कागदाने एकमेकांपासून अलग ठेवलेले असतात. साध्या कागदासाठी सर्वांत तप्त बिंदूचं तापमान ९८ अंश सेल्सिअस असताना वय वाढण्याचा वेग ‘एक’ धरतात. त्यापुढे दर ६ अंशांना हा वेग दुप्पट होतो. ११० अंशांना चौपट, १२२ अंशांना सोळापट. रोज चार तास १२२ अंश सोसणारं रोहित्र त्या चार तासांत ६४ तासांचं आयुष्य संपवतं.

म्हणून असं रोहित्र बहुधा त्याच रात्री जळत नाही. कागद ठिसूळ होत जातो आणि जुलैत वीज कडाडली, लाइनवर फांदी पडली किंवा पुढे कुठे शॉर्टसर्किट झालं की त्या झटक्याने वेढे हलतात, कागद फुटतो आणि डीपी जाते. दोष पावसाला दिला जातो. मुळात ते मे महिन्यातल्या संध्याकाळींनी खिळखिळं केलेलं असतं.

आधीच्या खुणा मात्र दिसतात. रात्री आठनंतर लाइनच्या टोकाच्या घरांत व्होल्टेज पडतं आणि एसीचा कॉम्प्रेसर सुरू होताना अडखळतो. डीपीच्या पेटीतले लग आणि बुशिंगजवळचे जोड काळपट पडतात. गॅस्केटमधून तेल झिरपून टाकीवर ओघळ दिसतात. ब्रीदरमधली निळी सिलिका जेल गुलाबी झाली असेल, तर आत ओलावा जातो आहे. एकाच फेजचा फ्यूज पुन्हापुन्हा उडतो. इथेच एक घातक सवय आडवी येते. किटकॅटमध्ये ठरलेल्या तारेऐवजी जाड तार टाकली जाते. त्या रात्री तक्रार थांबते, पण रोहित्राला वाचवणारी शेवटची कडीही निघून जाते.

दर बदलून गर्दी पांगवणं

उन्हाळ्यातला हा अतिभार दिवसाच्या चार तासांचा आहे. उरलेले वीस तास आपल्या उदाहरणातल्या रोहित्रात दोन चार्जरना जागा आहे. म्हणजे गरज मागणी पुढेमागे सरकवण्याची किंवा तेवढ्या वेळेपुरती ती आवरण्याची आहे.

सरकवण्याचा पहिला मार्ग दराचा. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये काढलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार सार्वजनिक चार्जिंग स्टेशनला सकाळी ९ ते दुपारी ४ या सौर तासांत सरासरी पुरवठा खर्चाच्या ०.७ पट आणि इतर वेळी १.३ पट दर सुचवला आहे. दुपारच्या आणि रात्रीच्या युनिटमध्ये जवळजवळ दुपटीचा फरक झाला. टॅक्सी आणि मालवाहू गाड्यांच्या ताफ्यांना हा फरक लगेच समजतो, कारण त्यांचा रोजचा नफा त्यावर ठरतो. त्यांची दुपारची जेवणाची सुट्टी चार्जरवर घालवता येते.

पण महामार्गावरून जाणारं कुटुंब स्वस्त दरासाठी सकाळपर्यंत थांबत नाही. म्हणून दराने गर्दी कमी होते, संपत नाही. दुसरा धोका म्हणजे स्वस्त दर सुरू होण्याच्या मिनिटाला सगळ्यांचे टायमर एकदम चालू होतात आणि नवीच गर्दी उभी राहते. ब्रिटनने घरगुती स्मार्ट चार्जरसाठी जून २०२२ पासून लागू केलेल्या नियमांत यासाठी दहा मिनिटांपर्यंतचा यादृच्छिक विलंब बंधनकारक केला. प्रत्येक चार्जर आपल्या मनाने थोडा उशिरा सुरू होतो आणि भार पायरीने न चढता उताराने चढतो.

स्टेशनची लगाम डीपीच्या हाती

सर्वांत कमी खर्चात सर्वांत जास्त फरक पडतो तो स्टेशनच्या एकूण भारावर मर्यादा घालून. याचं साधं रूप जुनं आहे. टेस्लाच्या दुसऱ्या पिढीच्या सुपरचार्जरमध्ये दोन जागांना मिळून एकच १५० किलोवॅटचं कपाट असे. शेजारी दुसरी गाडी लागली की उपलब्ध शक्ती दोघांत वाटली जाई. गाड्यांची बॅटरी सुरुवातीला जास्त शक्ती घेते आणि ८० टक्क्यांच्या आसपास पोचल्यावर आपोआप कमी घेऊ लागते. त्यामुळे पहिल्या गाडीचा हात आखडला की तीच शक्ती दुसरीकडे वळते आणि एकूण मर्यादा न वाढवता दोघांचं काम होतं.

त्यापुढची पायरी म्हणजे मर्यादा स्थिर न ठेवता रोहित्रावरच्या त्या क्षणाच्या भाराप्रमाणे ठरवणं. रोहित्राच्या लघुदाब बाजूला तिन्ही फेजवर करंट ट्रान्सफॉर्मर, म्हणजे सीटी, लावतात. मीटर दर काही सेकंदांनी प्रवाह वाचून स्टेशनच्या नियंत्रकाला कळवतो. नियंत्रक चार्जरना ओसीपीपी या सर्वमान्य संदेशपद्धतीतून नवी मर्यादा पाठवतो आणि चार्जर गाडीला तेवढाच प्रवाह देऊ करतो. गाडी काही सेकंदांत जुळवून घेते. चार्जिंग तुटत नाही, फक्त पडद्यावरचा किलोवॅटचा आकडा उतरतो.

आपल्या रोहित्रावर हे लावून पाहू. सुरक्षित मर्यादा दर फेजला ४०० अँपिअर ठेवली. रात्री साडेआठला आर फेजवर घरांचेच ३६० आहेत, म्हणून चार्जरसाठी फक्त ४० उरतात. तिन्ही फेज मिळून हे जेमतेम ३० केव्हीए होतात. दोन गाड्यांना इतक्यात काय पुरणार?

इथे नियंत्रकाआधी शिडी लागते. आर फेजवरच्या काही घरांच्या जोडण्या बी आणि वाय फेजवर हलवल्या की तिन्ही फेजवर सुमारे ३०७ अँपिअर येतात. मग प्रत्येक फेजवर ९३ अँपिअर मोकळे होतात, म्हणजे ७० केव्हीए. एकही नवी वस्तू विकत न घेता संध्याकाळची मोकळी जागा दुपटीहून जास्त झाली. फेज समतोल करणं हे प्रत्येक वायरमनला ठाऊक असलेलं काम आहे. चार्जिंग स्टेशनला मंजुरी देण्याआधी ते करून घ्यायलाच हवं.

७० केव्हीएतून बॅटरीपर्यंत साधारण ६५ किलोवॅट पोचतात. ४० युनिटची बॅटरी असलेली गाडी २० वरून ८० टक्क्यांवर न्यायला २४ युनिट लागतात. दोन गाड्यांत वाटणी झाली तर प्रत्येकीला हे घ्यायला सुमारे ४५ मिनिटं लागतील. चार गाड्या लागल्या तर दीड तास. दोन गाड्यांचा उशीर चहा-नाश्त्यात निघून जातो. चार गाड्यांचा मात्र ग्राहकाला खटकतो आणि हे स्टेशनवर आणि अॅपवर आधीच स्पष्ट लिहिलेलं असणं गरजेचं आहे.

अशी वाटणी लोक स्वीकारतात का, हे ब्रिटनमधल्या ‘माय इलेक्ट्रिक अॅव्हेन्यू’ या प्रयोगाने घरगुती चार्जरपुरतं तपासलं होतं. २०१३ ते २०१५ या काळात एकाच लघुदाब लाइनवरच्या शेजाऱ्यांना इलेक्ट्रिक गाड्या दिल्या आणि लाइनवर भार वाढला की काही चार्जर थोडा वेळ आपोआप बंद केले गेले. ४० ते ७० टक्के ग्राहकांकडे अशा गाड्या आल्या तर ब्रिटनमधल्या ३२ टक्के लघुदाब लाइनवर काहीतरी उपाय करावा लागेल, असा अंदाज त्यातून निघाला. ही मुभा जर्मनीने कायद्यातच आणली. १ जानेवारी २०२४ पासून तिथली वितरण कंपनी जाळ्यावर ताण आला की घरगुती चार्जरचा भार ४.२ किलोवॅटपर्यंत खाली आणू शकते, पण पूर्ण बंद करू शकत नाही. त्या बदल्यात ग्राहकाला जाळ्याच्या आकारात सवलत मिळते.

ही यंत्रणा चुकते ती बहुधा दोन ठिकाणी. पहिलं म्हणजे सीटीचं गुणोत्तर. ८००/५ चा सीटी लावून मीटरमध्ये ४००/५ भरलं गेलं, तर मीटर निम्माच प्रवाह दाखवतो. नियंत्रक ३६० ऐवजी १८० वाचतो आणि खुशाल चार्जर मोकळे सोडतो. बसवण्याच्या दिवशीच टाँग टेस्टरचा आकडा आणि पडद्यावरचा आकडा शेजारी ठेवून पाहिला की ही चूक सापडते. दुसरं म्हणजे संपर्क तुटणं. सिमकार्डचं नेटवर्क गेलं की चार्जरने शेवटचा आकडा धरून न बसता ठरवून दिलेल्या कमी मर्यादेवर उतरलं पाहिजे. ही चाचणी मुद्दाम केबल काढूनच करावी लागते.

रोहित्र वीज कंपनीचं असतं. स्टेशनच्या मालकाला त्यावर आपला सीटी लावता येत नाही. परवानगी मिळेपर्यंत एक साधी पद्धत चालते. केंद्राच्या आरडीएसएस योजनेतून रोहित्रांवरही मीटर बसवले जात आहेत. त्याच्या उन्हाळ्यातल्या नोंदींवरून संध्याकाळी सात ते अकरा ६५ किलोवॅट आणि इतर वेळी १२० अशी वेळेनुसार मर्यादा चार्जरमध्ये घालून ठेवता येते. ती थोडी ढोबळ ठरते, कारण पाऊस पडून एसी बंद झाले तरी स्टेशन ६५ वरच अडकून राहतं. पण तिला संपर्काची गरज नसते.

बॅटरी की नवं रोहित्र

गिऱ्हाईक वाढलं आणि ६५ किलोवॅट पुरेनासे झाले, तर स्टेशनजवळ साठवणूक बॅटरी ठेवता येते. सात ते अकरा सतत १२० किलोवॅट द्यायचे असतील तर चार तासांत ४८० युनिट लागतात. त्यातली २६० युनिट डीपी देऊ शकते, उरलेली २२० बॅटरीने द्यायची. भरताना आणि उतरवताना होणारा तोटा धरून ती परत भरायला सुमारे २५० युनिट लागतात. सकाळी ९ ते दुपारी ४ या सात तासांत त्यासाठी फक्त ३६ किलोवॅट पुरतात, तेही स्वस्त दराने. दुपारी १२० केव्हीएवर निवांत असलेल्या रोहित्राला हा भार जाणवतही नाही. मर्यादा एकच, की सणाच्या आदल्या दिवशी रांग लांबली आणि बॅटरी दहालाच रिकामी झाली, तर शेवटचा तास पुन्हा ६५ किलोवॅटवर काढावा लागतो.

या सगळ्याला एक ठाम सीमा आहे. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये महिंद्राने आणलेल्या गाड्यांमधली ७९ युनिटची बॅटरी १७५ किलोवॅटच्या चार्जरवर २० मिनिटांत २० वरून ८० टक्क्यांवर जाते, असं कंपनी सांगते. म्हणजे एकाच गाडीला सरासरी १४० किलोवॅटहून जास्त शक्ती हवी. महाराष्ट्राच्या २०२५ च्या धोरणात महामार्गांवर दर २५ किलोमीटरला चार्जिंगची सोय करायचं उद्दिष्ट आहे. अशा गाड्यांसाठीच्या महामार्गावरच्या स्टेशनांनी गावाच्या २०० केव्हीएच्या डीपीवर बसणंच चूक. त्यांना उच्चदाब जोडणी आणि स्वतःचं रोहित्र लागतं. त्यात जागा, केबलसाठी रस्ता खोदण्याची परवानगी आणि मागणी आकार असा खर्च आणि वेळ जातो. रोहित्र दिवसभर रिकामं असलं तरी त्याच्या गाभ्यातला तोटा चालूच राहतो. आणि भार वरच्या फीडरवर जातो, तो नाहीसा होत नाही.

वस्तीतल्या स्टेशनसाठी कुठला मार्ग धरायचा, ते मोजमापावरून ठरवता येतं. उन्हाळ्याचा एक महिना नियंत्रकाच्या नोंदी ठेवाव्यात: कोणत्या संध्याकाळी मर्यादा लागली, किती वेळ, आणि तिच्यामुळे गाड्यांना किती किलोवॅट कमी मिळाले. महिन्यात दोन-चार संध्याकाळी तासभर लागली असेल, तर भाराची वाटणी पुरेशी आहे. रोज दोन-तीन तास लागत असेल आणि दुपारी डीपी मोकळी असेल, तर बॅटरीचा हिशेब मांडावा. दुपारीही मर्यादा लागत असेल, तर वाढीव क्षमतेच्या रोहित्रासाठी अर्ज करायची वेळ झाली आहे, आणि त्या अर्जाला तिन्ही फेजच्या रात्री साडेआठच्या नोंदी जोडाव्यात.